भाकरी अडकते, मग खिचडी, मग चहा: अन्ननलिकेचा कॅन्सर आणि उपचारांची निवड

सावेडीतल्या माझ्या ओपीडीत पारनेर तालुक्यातले ५७ वर्षांचे एक शेतकरी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तक्रार विचारली तर म्हणाले, "ॲसिडिटी आहे." सोबत आलेल्या काकूंनी खरी गोष्ट सांगितली. मार्चमध्ये बाजरीची भाकरी छातीत अडकायला लागली, म्हणून काका ती दुधात कुस्करून खाऊ लागले. जूनपासून खिचडी आणि वरणभात. ऑगस्टमध्ये फक्त पेज आणि चहा. वजन ६४ किलोवरून ५३ वर आले होते. मधल्या काळात पित्ताच्या गोळ्यांची तीन पाकिटे संपली होती. तंबाखू-चुना मात्र चालूच होता.

या आजारात असे नेहमी होते. अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची, ताणली जाणारी नळी आहे. आत गाठ वाढू लागली तरी उरलेली भिंत ताणते आणि घास उतरत राहतो. वाट साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली की घट्ट घास अडकू लागतो. म्हणजे पहिला घास अडकतो तेव्हाच आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यानंतर माणूस नकळत आहार बदलतो, भाकरी भिजवतो, प्रत्येक घासासोबत पाणी पितो, आणि "आता बरं आहे" म्हणतो. बरे काहीच झालेले नसते, फक्त ताट बदललेले असते.

म्हणून मी "गिळायला त्रास होतो का?" असे विचारत नाही. "सहा महिन्यांपूर्वी काय खात होता आणि आज काय खाता?" असे विचारतो. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ, या क्रमाने अडकत गेले आणि सोबत वजन उतरले, तर कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच समजून तपासावे. घन आणि पातळ दोन्ही पहिल्या दिवसापासून अडकत असेल तर अन्ननलिकेच्या हालचालीचा दोष असू शकतो, पण तपासणी तिथेही लागतेच. रुग्ण जिथे बोट ठेवतो त्यावर फार विसंबू नये. खालची गाठसुद्धा गळ्याशी अडकल्यासारखी वाटते.

पहिली तपासणी: दुर्बीण

अशा वेळी गोळ्या देऊन महिनाभर वाट पाहू नये, थेट दुर्बिणीची तपासणी करावी. काकांच्या तपासणीत दातांपासून २९ सेंटीमीटरवर गाठ दिसली आणि साधी दुर्बीण पुढे जाईना. सहा-आठ तुकडे घेतले. अहवाल स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरचा आला. तंबाखू, मिसरी आणि दारूशी जोडलेला हाच प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो. मग छाती-पोटाचा सीटी आणि पेट स्कॅन झाला. गाठीशेजारच्या काही लसिका ग्रंथी वाढल्या होत्या, पण यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ होती.

"आधी स्टेंट टाका ना"

काकांच्या मुलाचा पहिला आग्रह हाच होता. गावात कुणाला तरी स्टेंट टाकला होता आणि तो दुसऱ्या दिवसापासून जेवू लागला होता. मुलाचे म्हणणे समजण्यासारखे होते, वडील डोळ्यांसमोर उपाशी राहत होते. तरीही आम्ही नाही म्हटले.

स्टेंट ही तारेची, दबून बसणारी जाळीची नळी असते. ती गाठीच्या आत उघडते आणि वाट मोकळी करते, पण गाठ तिथेच राहते. ज्याचा आजार मुळातून काढता येण्यासारखा आहे, त्याला स्टेंट टाकला तर केमो-किरणांनी गाठ आकसल्यावर तो घसरून जठरात जाऊ शकतो, भिंतीला भोक पडू शकते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून पहिला प्रश्न "वाट कशी उघडायची?" हा नसतो. "आजार बरा करण्याचा प्रयत्न करता येईल का?" हा असतो.

काकांसाठी उत्तर 'हो' होते. दुर्बिणीच्या मदतीने नाकातून एक बारीक नळी जठरात सोडली आणि दूध, अंडी, प्रोटीन पावडर असा पातळ आहार सुरू केला. दिवसाला साधारण १७०० कॅलरी हे लक्ष्य, पण पहिले काही दिवस निम्म्यावरच ठेवले. दीर्घ उपासानंतर एकदम जास्त अन्न दिले तर रक्तातले क्षार धोकादायकपणे खाली जातात. तंबाखू त्याच दिवशी बंद.

मग किरणोपचार, ज्याला बरेच जण 'लाईट देणे' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस असे २३ दिवस, आणि आठवड्यातून एकदा केमो. ही पद्धत नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या अभ्यासातून आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात थेट शस्त्रक्रियेपेक्षा आधी केमो-किरणे घेतलेले रुग्ण जास्त जगले. स्क्वॅमस प्रकारात तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत जिवंत कॅन्सर सापडला नाही. काकांना चौथ्या आठवड्यात पेज तोंडाने उतरू लागली. महात्मा फुले योजनेचे कागद आधीच तयार केल्याने ताण कमी झाला. रोज ये-जा शक्य नसल्याने पुण्यात राहण्याची सोय मात्र स्वतः करावी लागली.

दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढून जठराची नळी बनवतात आणि ती वर ओढून मानेत जोडतात. छाती, पोट आणि मान, तिन्ही ठिकाणी काम चालते. जोड गळणे आणि न्यूमोनिया हे मोठे धोके. त्यामुळे हृदय-फुप्फुसे कमकुवत असतील तर शस्त्रक्रिया टाळून जास्त मात्रेचे किरण आणि केमो हाच पूर्ण उपचार ठरतो. गाठ अगदी मानेत असेल तरीही सहसा तोच मार्ग, कारण तिथे शस्त्रक्रियेत स्वरयंत्र जाऊ शकते.

मग स्टेंट कुणाला?

त्याच महिन्यात ७४ वर्षांच्या एक आजी आल्या. आजार यकृतात पसरलेला, थुंकीसुद्धा उतरत नव्हती, दिवसभर हातात वाटी. त्यांना दुसऱ्याच दिवशी स्टेंट टाकला आणि तिसऱ्या दिवशी त्या चहा प्यायल्या. वेळ थोडा असताना घास लगेच उतरणे महत्त्वाचे असते, आणि किरणांचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडलेले असू शकते. तिथेही आवरण असलेला स्टेंटच उपयोगी पडतो.

पण पसरलेल्या आजारातही ज्यांची तब्येत बरी आहे आणि अनेक महिने हाताशी आहेत, त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो. नेदरलँड्समध्येच २०४ नव्हे, २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेंट आणि अन्ननलिकेच्या आतून एकदाच दिलेले किरण यांची तुलना होती. स्टेंटने आराम लवकर मिळाला, किरणांचा आराम जास्त टिकला आणि गुंतागुंत कमी झाली. हे आतून द्यायचे किरण सगळीकडे मिळत नाहीत. नसतील तर बाहेरून पाच किंवा दहा दिवसांचे किरण देतात.

स्टेंट असलेल्यांनी भाकरी, पाव आणि मटणाचे तुकडे टाळावेत, बारीक चावून खावे, जेवणानंतर कोमट पाणी प्यावे. स्टेंट जठराच्या तोंडापर्यंत गेला असेल तर उशाकडची बाजू उंच ठेवून झोपावे, नाहीतर जठरातले पदार्थ घशाशी येतात. पहिले काही दिवस छातीत दुखते, त्यासाठी औषध मागून घ्यावे. पुन्हा अडकू लागले तर घास अडकला आहे, स्टेंट सरकला आहे किंवा गाठ वर वाढली आहे, हे दुर्बिणीने कळते.

काका आता दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खातात आणि जेवल्यावर लगेच आडवे होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांना पुन्हा घास अडकू लागला तेव्हा सगळे घर घाबरले. दुर्बिणीत जोडाच्या जागी व्रण आकसलेला दिसला. तुकड्यात कॅन्सर नव्हता. फुग्याने ती जागा दोनदा रुंद केली. गेल्या भेटीत काकू म्हणाल्या की भाकरी आता ताकात भिजवून खातात, आणि ती उतरते.