स्कॅनवर उभी रेघ? अरुंद काच पाहा

फीडरमधून स्कॅन करताना सेन्सर एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. सेन्सर पाहतो तो मोठ्या काचेशेजारच्या बोटभर काचपट्टीतून. तिच्यावरचा व्हाइटनरचा किंवा गोंदाचा कण प्रत्येक ओळीत त्याच जागी दिसतो, म्हणून ठिपक्याऐवजी पानभर रेघ उमटते. तेच पान मोठ्या काचेवर स्कॅन करा. रेघ गेली, तर दोष पट्टीचाच.

कण नखाएवढाही नसतो, म्हणून जागा मोजून शोधावी. कागद मधोमध ओढणाऱ्या फीडरमध्ये A4 पानाच्या कडेपासून 6 सेंटीमीटरवर रेघ असेल, तर पट्टीच्या मध्यापासून साडेचार सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना पाहा.

मशीन बंद करून प्लग काढा. धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी आणि तिच्यासमोरचा, झाकणातला पांढरा भाग पुसा, मग कोरड्या कापडाने. काचेवर थेट फवारू नका. वाळलेला व्हाइटनर ओला करून प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने सोडवा. ब्लेड नकोच, कारण ओरखड्याचीही रेघच येते आणि ती पुसून जात नाही.

ओळी तिरक्या येत असतील, तर मात्र काच निर्दोष आहे: कागदाचे गाइड घट्ट लावा आणि रबरी रोलर पुसा.