पॉलिसीच्या फोटोतले तीन आकडे

वाहन विम्याच्या पॉलिसी शेड्यूलच्या फोटोवरून मुदत, विमा रक्कम आणि प्रीमियम उतरवून घेताना खरी अडचण अस्पष्ट अक्षरांची नसते. कागदावर प्रत्येक गोष्टीचे दोन-तीन आकडे छापलेले असतात, आणि त्यांतला कोणता नोंदीत जायचा हे ठरवावे लागते.

नव्या मोटारीची पॉलिसी घेऊ. 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे समजा शेड्यूलवर 12/03/2025 ते 11/03/2026 आणि 12/03/2025 ते 11/03/2028 अशा दोन मुदती आहेत. नोंदीत एकच रकाना ठेवून 2028 लिहिले, तर ओन डॅमेजचे नूतनीकरण चुकते आणि पुढच्या अपघातात गाडीचा खर्च मालकावर येतो. म्हणून रकाने दोन हवेत. तारखांची पडताळणी सोपी आहे: शेवटची तारीख सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी पडली पाहिजे. दिवस आणि महिना उलटे वाचले, तर मुदत 3 डिसेंबर 2025 ते 3 नोव्हेंबर 2026 अशी अकराच महिन्यांची होते आणि चूक उघडी पडते.

विमा रक्कम म्हणजे आयडीव्ही, गाडीची कंपनीने धरलेली किंमत. पण त्याच पानावर मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे 15,00,000 रुपयेही असतात, आणि मोठा आकडा नजरेत आधी भरतो. सहा महिन्यांच्या आतील गाडीला 5 टक्के घसारा लागतो. शोरूमची किंमत 8,00,000 असेल, तर आयडीव्ही 7,60,000 च्या आसपास दिसायला हवा. सीएनजी किट किंवा जादा बसवलेले सामान असेल, तर त्याची किंमत वेगळ्या ओळीत येते.

प्रीमियमला मात्र बेरीज हाच साक्षीदार. ओन डॅमेज 12,400, तीन वर्षांचा थर्ड पार्टी 10,640, वैयक्तिक अपघात 330, असे मिळून निव्वळ 23,370. त्यावर 18 टक्के जीएसटी 4,206.60 धरला की एकूण 27,577 होतात. कागदाची घडी नेमकी निव्वळ रकमेवर पडून 3 चा 8 वाचला गेला, तर 28,370 वरचा कर 5,106.60 येतो. तो छापील कराशी जुळत नाही आणि तिन्ही ओळींची बेरीजही तेवढी भरत नाही. कुठल्या आकड्यात गडबड आहे, हे त्यावरूनच कळते. नोंदीत निव्वळ आणि एकूण दोन्ही ठेवावेत, कारण नुसते ‘प्रीमियम’ लिहिले की वाचणारा त्यात कर आहे की नाही याचा अंदाजच बांधत बसतो.

चकाकीमुळे एखादा आकडा दिसलाच नाही आणि बेरजेतूनही निघाला नाही, तर रकाना रिकामा ठेवून फोटो पुन्हा मागवावा. अंदाजाने भरलेला आकडा नोंदीत खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.