तज्ज्ञ बोलायला लागण्याआधी

डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी बागायतदारांसाठी झूमवर एक तासाचा वेबिनार ठरला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणीनं प्रास्ताविक लिहून काढलं आणि स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचलं. सहा मिनिटं लागली. नोंदणी तीनशे जणांची होती. म्हणजे तज्ज्ञांच्या तोंडून पहिला शब्द निघण्याआधी सगळ्यांचे मिळून तीस तास जाणार होते. मग तिनं पेन हातात घेतलं.

‘कृपया सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत’ ही ओळ सर्वांत आधी गेली. झूमच्या साध्या मीटिंगमध्ये ती लागते; वेबिनारमध्ये प्रेक्षकांचे माइक आणि कॅमेरे मुळातच बंद असतात. ‘रेकॉर्डिंग सुरू आहे’ हे झूम स्वतःच कळवतं. शेतकऱ्याला हवी असते ती पुढची माहिती, म्हणून तेवढंच राहिलं: ‘रेकॉर्डिंगची लिंक उद्या तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येईल, लिहून घेण्याची घाई करू नका.’

‘आणखी मंडळी येत आहेत, दोन मिनिटं थांबू या’ हे वाक्य खोडताना ती थोडी अडखळली, कारण उशिरा येणारे असतातच. पण या वाक्यानं वेळेवर आलेल्यांनाच ताटकळावं लागतं. त्याऐवजी सात वाजताच्या कार्यक्रमाचं प्रक्षेपण पावणेसातलाच सुरू करायचं आणि विषय, वेळ व प्रश्न कुठे लिहायचा हे सांगणारी एकच स्लाइड पडद्यावर ठेवायची, असं ठरलं. यात एक धोका आहे. झूमच्या सराव सत्रात आयोजक आपापसांत मोकळेपणानं बोलतात, पण प्रक्षेपणाचं बटण दाबलं की वक्त्यांचा प्रत्येक शब्द बाहेर जातो. म्हणून तिनं कागदाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलं: ‘बटणाआधी सगळ्यांचे माइक बंद.’

वक्त्यांच्या परिचयात पदव्या, पुरस्कार आणि शोधनिबंध मिळून पंधरा ओळी होत्या. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो: या माणसाचं आज का ऐकायचं? परिचय दोन वाक्यांवर आला. ‘सर गेली अनेक वर्षं तेल्याग्रस्त बागांमध्ये प्रत्यक्ष काम करत आहेत. आज ते छाटणीपासून फळधारणेपर्यंत कधी काय करायचं ते सांगतील.’ पदव्या निमंत्रणात छापलेल्या होत्याच.

वाचलेला वेळ तिनं प्रश्न विचारण्याच्या सूचनेवर खर्च केला, आणि तिचा हा निर्णय अगदी योग्य होता. पहिल्या मसुद्यात ‘प्रश्न चॅटमध्ये किंवा Q&A मध्ये टाका’ असं होतं. दोन दारं उघडी ठेवली की निम्मे प्रश्न Chat मध्ये पडतात, नमस्कार आणि ‘आवाज येत नाही’च्या गर्दीत वाहून जातात. Q&A मध्ये प्रत्येक प्रश्न स्वतंत्र राहतो आणि उत्तर मिळालेले प्रश्न बाजूला काढता येतात. शिवाय बहुतेक शेतकरी मोबाइलवर असतात, तिथे खालची पट्टी काही क्षणांत दिसेनाशी होते. नवा मजकूर असा झाला:

‘पडद्यावर एकदा बोट टेकवा. पट्टी दिसेल, तिच्यात Q&A शोधा; नसेल तर More दाबा. प्रश्नात तीन गोष्टी लिहा: तालुका, बहार आणि बाग सध्या कोणत्या अवस्थेत आहे. आवाजाची अडचण असेल तरच Chat.’

तीन गोष्टींची अट महत्त्वाची आहे. ‘तेल्यावर कोणती फवारणी घ्यावी?’ एवढ्याच प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही. विश्रांतीत असलेली बाग आणि पावसाळ्यात फळं धरलेली मृग बहाराची बाग यांच्यासाठीचा सल्ला वेगळा असतो. ही माहिती आधीच आली की उलट विचारण्यात वेळ जात नाही.

सूचना पोचली का, हेही लगेच तपासता येतं. मजकूर वाचून झाल्यावर ती म्हणणार होती, ‘तुमचा पहिला प्रश्न आत्ताच लिहा, सर बोलत असताना आम्ही सगळे प्रश्न जुळवून ठेवतो.’ पुढच्या मिनिटभरात प्रश्न Chat मध्येच येऊ लागले, तर सूचना कळलेली नाही असं समजायचं. तसे प्रश्न एका सहकाऱ्यानं आपल्या यादीत उतरवून घ्यायचे. हाच सहकारी दुसऱ्या फोनवरून, मोबाइल डेटा वापरून, प्रेक्षक म्हणून हजर राहणार होता. त्यामुळे ‘माझा आवाज येतोय ना?’ हे तीनशे जणांना विचारायची गरज उरली नाही.

नव्या मजकुराचं वाचन पावणेदोन मिनिटांत आटोपलं. शेवटी ‘मी सूत्रं सरांकडे सोपवते’ नव्हतं, थेट प्रश्न होता: ‘सर, पानावर डाग दिसला तर तो तेल्याच आहे हे बागेत उभं राहून कसं ओळखायचं?’

उशिरा येणाऱ्यांसाठी तिनं समासात सात वाजून दहा मिनिटांची वेळ टिपली. आधी चॅटमध्ये टाकलेला मजकूर नंतर आलेल्याला दिसत नाही, म्हणून त्या वेळी सहकाऱ्यानं प्रश्नांची सूचना पुन्हा टाकायची आणि वक्ते स्लाइड बदलत असताना तिनं एकच वाक्य बोलायचं: ‘नव्यानं आलेल्यांनी प्रश्न Q&A मध्ये लिहावेत, तालुका आणि बहारासह.’