एका शाखेतून निघालेला माल दुसऱ्या शाखेत पोहोचतो तेव्हा

एकाच व्यवसायाच्या दोन शाखांमध्ये माल हलवला जातो तेव्हा सोबत जी चिठ्ठी जाते तिला स्टॉक ट्रान्सफर नोट म्हणतात. ही विक्री नसते. मालकी बदलत नाही, फक्त माल ठेवण्याची जागा बदलते. तरीही चिठ्ठीमुळे दोन प्रकारच्या नोंदी होतात. पाठवणाऱ्या शाखेचा साठा कमी होऊन घेणाऱ्या शाखेचा वाढतो. शिवाय दोन्हीकडच्या वह्यांत एकमेकींच्या नावाने असलेल्या खात्यांची शिल्लकही बदलते. चिठ्ठी नीट वाचली तर या दोन्ही गोष्टी जुळून राहतात.

पुण्यात मुख्य कार्यालय व गोदाम आणि कोल्हापुरात शाखा असलेले घरगुती उपकरणांचे एक दुकान उदाहरणादाखल घेऊ. पुण्यात 260 मिक्सर आहेत, कोल्हापुरात 90. 29 मार्चला पुण्याहून 40 मिक्सर टेम्पोने निघतात. खरेदीची किंमत नगाला 1,500 रुपये, म्हणजे चिठ्ठी 60,000 रुपयांची. दोन्ही ठिकाणांचा जीएसटी क्रमांक एकच असल्याने या पाठवणीवर कर लागत नाही आणि मालासोबत डिलिव्हरी चलान पुरते.

चिठ्ठीवर प्रथम क्रमांक पाहावा. पुण्याने दिलेला क्रमांकच कोल्हापूरने आपल्या आवक नोंदीत लिहायला हवा. स्वतःचा वेगळा क्रमांक घातला तर महिनाअखेरीस कुठली चिठ्ठी कुठल्या नोंदीची हे शोधत बसावे लागते. मग मालाचे नाव, मॉडेल आणि एकक. ‘5’ या आकड्यापुढे नग लिहिले आहे की खोका, यावर सगळा हिशेब फिरतो. आठ नगांचे पाच खोके पाच नग म्हणून जमा झाले, तर 35 मिक्सर कागदावरून नाहीसे होतात. शेवटी तारखा पाहाव्यात. माल निघाल्याची तारीख वरच असते. पोहोचल्याची तारीख, मोजलेले नग आणि घेणाऱ्याची सही खालच्या भागात येते. हा खालचा भाग, म्हणजे पोच, भरून परत येईपर्यंत चिठ्ठी अर्धीच असते.

आता वह्या पाहू. 29 मार्चला पुणे आपल्या वहीत कोल्हापूर शाखा खाते 60,000 रुपयांनी नावे टाकते आणि शाखेस पाठवलेला माल जमा करते. माल हाती आल्यावर कोल्हापूर उलट बाजूची नोंद करते: मुख्य कार्यालयाकडून आलेला माल नावे, मुख्य कार्यालय खाते जमा. म्हणून पुण्याच्या वहीतली कोल्हापूरची नावे शिल्लक आणि कोल्हापूरच्या वहीतली पुण्याची जमा शिल्लक नेहमी सारखी असायला हवी.

पण 31 मार्चला टेम्पो अजून कोल्हापुरात पोहोचलेला नाही. पुण्याच्या वहीत शाखेकडून येणे 4,75,000 दिसते, तर कोल्हापूरच्या वहीत मुख्य कार्यालयाचे देणे 4,15,000. फरक बरोबर 60,000 रुपयांचा, आणि तो कशाचा हे 29 मार्चची पोच न आलेली चिठ्ठी सांगते. साठाही तसाच अपुरा दिसतो. पुण्यात 220 आणि कोल्हापुरात 90 मिळून 310 होतात. आधी 350 होते.

हे 40 मिक्सर मार्गस्थ माल आहेत. वर्षअखेरीस पुणे आपल्या वहीत मार्गस्थ माल खाते 60,000 रुपयांनी नावे टाकून कोल्हापूर शाखा खाते जमा करते. दोन्ही शिलका 4,15,000 वर येतात आणि साठा 220 अधिक 90 अधिक वाटेतले 40 असा 350 भरतो. ही नोंद एकाच वहीत करायची. दोन्ही ठिकाणी केली तर तेच मिक्सर ताळेबंदात दोनदा मोजले जातात. 1 एप्रिलला ही नोंद उलटवली जाते, म्हणजे प्रत्यक्ष माल आल्यावर कोल्हापूरची नेहमीची नोंद तिच्याशी जुळते.

2 एप्रिलला टेम्पो येतो आणि मोजणीत 38 मिक्सर निघतात. अशा वेळी वाद नको म्हणून 40 वरच सही करण्याची सवय फार महाग पडते, कारण तूट तिथे लपते आणि काही महिन्यांनी साठा मोजताना कारणाशिवाय वर येते. कोल्हापूरने पोचेवर 38 लिहून टेम्पोचालकाची सही घ्यावी आणि वहीत 57,000 रुपयेच घ्यावेत. मग दोन्ही वह्यांत 3,000 रुपयांचा फरक उघड दिसतो आणि त्याचे कारण शोधता येते.

कारण शोधायचे पुण्यात. गोदामात 220 ऐवजी 222 मिक्सर निघाले, तर दोन नग टेम्पोत चढलेच नव्हते. साठ्यात दोन वाढवून कोल्हापूर शाखा खाते 3,000 रुपयांनी जमा केले की प्रश्न मिटतो. मार्च अखेरचा हिशेब अजून बंद झाला नसेल तर तिथेही वाटेतला माल 38 आणि पुण्याचा साठा 222 करावा. एकूण 350 च राहतात. गोदामात 220 च निघाले, तर नग वाटेत गेले. तेव्हाही शाखा खाते जमाच होते, पण नावे टाकायचे ते मार्गातील तोटा खाते, किंवा वाहतूकदाराने भरपाई मान्य केली असेल तर त्याचे खाते. हरवलेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावटही परत करावी लागते.

चिठ्ठीवरच्या दराकडे वेगळे पाहावे लागते. समजा पुण्याने 1,500 ऐवजी 1,650 दर लावला आणि वर्षअखेरीस त्यांपैकी 30 मिक्सर कोल्हापुरात न विकता पडून राहिले. शाखेच्या साठ्यात मग नगामागे 150 प्रमाणे 4,500 रुपयांचा नफा दडलेला असतो. तो ग्राहकाकडून आलेला नाही, म्हणून एकत्रित ताळेबंद करताना वजा करावाच लागतो. दोन्ही वह्यांत दर सारखा असल्याने शिलका जुळतात, त्यामुळे ही चूक केवळ शिलका ताडून सापडत नाही.

शाखा बेळगावात असती तर राज्य बदलले असते आणि जीएसटी क्रमांकही. तेव्हा पैशांची देवाणघेवाण नसली तरी ही पाठवणी करपात्र ठरते आणि कर बीजक काढावे लागते. 60,000 वर 18 टक्क्यांनी 10,800 रुपये कर धरून शाखा खात्यात 70,800 रुपये जातात. बेळगावने मात्र साठ्यात 60,000 च घ्यायचे आणि 10,800 कराच्या वजावटीच्या खात्यात. सगळी रक्कम साठ्यात घातली तर शिलका जुळतात, पण प्रत्येक मिक्सर 270 रुपयांनी महाग दिसतो.

म्हणून महिनाअखेरीचे काम या क्रमाने करावे: पोच न आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात, त्यांची बेरीज शिलकांच्या फरकाशी ताडावी, मग नगांची बेरीज करावी आणि शेवटी दर तपासावा. चिठ्ठ्यांनी न भरून निघणारा फरक उरला, तर तो खर्चात टाकून मिटवू नये. एखादी चिठ्ठी एका वहीत चढलेली नाही किंवा दोनदा चढली आहे, ती आधी शोधावी.