एका पानाचे पंचवीस पैसे

झेरॉक्सच्या दुकानात दोन गल्ले असतात. एकात नोटा आणि नाणी पडतात. दुसरा यंत्राच्या पोटात असतो आणि त्यात फक्त आकडा वाढतो. यंत्रातून निघालेले प्रत्येक पान, चांगले असो की फुकट गेलेले, तो मीटर मोजतो. १९५९ साली बाजारात आलेल्या ‘झेरॉक्स ९१४’ या यंत्रापासून हा मीटर आहे, कारण कंपनी ते यंत्र भाड्याने देई आणि भाडे प्रतींच्या संख्येवर ठरे. यंत्र विकत घेणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराला त्या भाड्याशी देणेघेणे नाही, म्हणून तो मीटरकडे क्वचितच पाहतो. माझ्या मते त्याचे खरे नुकसान तिथूनच सुरू होते.

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर असते तसे एक दुकान डोळ्यांपुढे घेऊ. दहा बाय दहाचा गाळा आणि साठ हजारांना घेतलेले एक जुने डिजिटल यंत्र, मिनिटाला २५ पाने काढणारे. मालक एकटाच. दर एका बाजूला दोन रुपये. पुढचे सगळे हिशेब या दुकानाचे आहेत. दर गावागणिक बदलतात, तेव्हा वाचकाने स्वतःचे आकडे घालावेत. हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिला खर्च कागदाचा, आणि तोच सर्वांत मोठा. पाचशे पानांचे रीम हाती पडते २६० रुपयांना, म्हणजे कोरे पान ५२ पैशांचे. यातली मूळ किंमत २२० आणि उरलेला जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ झाला, तेव्हा हेच रीम २४६ चे २६० झाले. जीएसटीत नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला तो कर कुठे वळता करून घेता येत नाही. पानामागे वाढ जेमतेम पावणेतीन पैशांची. ती किती मोठी आहे हे पुढे कळेल.

पाचशे पाने आणली म्हणून पाचशे विकली जात नाहीत. एखादे यंत्रात अडकून चुरगळते, एखादे तिरके निघते, कधी गिऱ्हाईक म्हणते, “दादा, फोटो काळा आला, परत काढा.” शंभरात तीन पाने अशी जातात असे धरले तर विकलेल्या ४८५ पानांवर २६० रुपये वाटावे लागतात आणि पान ५४ पैशांना पडते. पावसाळ्यात तीनावर भागत नाही. कागद हवेतला ओलावा ओढून घेतो, पाने एकमेकांना चिकटतात, दोन-दोन आत जातात, कडा वळतात. दमट कागदावर टोनर नीट उतरत नाही, मधेच पांढरे डाग राहतात. रीमच्या वेष्टनाला आतून ओल रोखणारा थर असतो तो याचसाठी. सकाळी तीन रीमे फोडून ट्रेशेजारी रचून ठेवणारा दुकानदार जुलैत त्याची किंमत मोजतो. लागेल तेवढेच रीम फोडावे, ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा पिसून घ्यावा आणि संध्याकाळी उरलेली पाने परत वेष्टनात घालावीत.

दुसरा खर्च टोनरचा. गिऱ्हाइकाला वाटते सगळा पैसा त्या काळ्या पुडीत जातो. तसे नाही. आपल्या दुकानात चालणारी दुय्यम कंपनीची बाटली ९०० रुपयांची आहे आणि तिच्यावर १५,००० प्रतींचा दावा आहे, म्हणजे प्रत सहा पैशांची. मात्र हा दावा पानाचा पाच टक्के भाग काळा आहे असे धरून केलेला असतो. रुंद समास सोडून टाइप केलेले साधे पत्र साधारण तेवढेच काळे असते. तहसीलसमोर तशी पत्रे थोडीच येतात. येतात ती रेशनकार्डे, छायाचित्र असलेली ओळखपत्रे, पिवळे पडलेले जुने स्टँप पेपर. पिवळी पार्श्वभूमी यंत्राला करडी दिसते आणि ती सगळ्या पानावर टोनर पसरते. त्यामुळे बाटली १५,००० ऐवजी ९,००० वर संपते आणि प्रत दहा पैशांना पडते.

इथे एक सवय फार महाग पडते. आधार कार्ड काचेवर ठेवायचे आणि झाकण उघडेच ठेवून बटण दाबायचे. झाकणाच्या आतली पांढरी पाटी प्रकाश परत फेकते, म्हणून कार्डाभोवतीचा भाग पांढरा येतो. झाकण उघडे असेल तर प्रकाश परत येत नाही आणि यंत्र तो भाग काळा छापते. कडा पुसण्याची सोय चालू नसेल तर ए-फोर पानाच्या ६२३ चौरस सेंटिमीटरांपैकी कार्डाचे ४६ सोडून बाकी सगळे काळे. अशा एका प्रतीत साध्या अठरा प्रतींचा टोनर जातो, म्हणजे सुमारे एक रुपया दहा पैसे. दोन रुपयांच्या त्या प्रतीत मग पंचवीस पैसेच उरतात. झाकण लावायला दोन सेकंद लागतात.

तिसरा खर्च बहुतेक दुकानदार धरतच नाहीत, कारण तो रोज होत नाही. ड्रम, ब्लेड, डेव्हलपर, फ्युजरचे रोलर आणि मेकॅनिकची मजुरी मिळून सहा हजार रुपये दर साठ हजार प्रतींना लागतात असे धरू. झाले पानामागे दहा पैसे. ड्रम झिजला की पान सांगतेच: कोऱ्या जागेवर राखाडी झाक येते, उभी बारीक रेघ येते. तरी महिनाभर ढकलू म्हणणारा दुहेरी मार खातो. झाक म्हणजेही टोनर, आणि गिऱ्हाईक ते पान परत करते ते वेगळेच.

विजेचा खर्च मात्र नावापुरता आहे. टोनर कागदात वितळवण्यासाठी फ्युजर दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, त्यामुळे वाटते की वीज फार खात असेल. छपाई सुरू असताना तासाला एक युनिट धरा. त्या तासात १५०० पाने निघतात. युनिट बारा रुपयांचे धरले तरी पानाला एक पैसासुद्धा पडत नाही. वीज जाते ती यंत्र गिऱ्हाइकाची वाट पाहत गरम उभे असते तेव्हा. तो खर्च पानाचा नाही, दिवसाचा आहे, म्हणून तो भाड्याबरोबर मोजायला हवा.

आता बेरीज. कागद ५४, टोनर १०, झीज १०, वीज १. एका बाजूची प्रत पंचाहत्तर पैशांना पडली. दोन रुपयांना विकली तर सव्वा रुपया उरतो. कॉलेजच्या गल्लीत हीच प्रत एक रुपयाला जाते, तिथे उरतात पंचवीस पैसे. कराचे ते पावणेतीन पैसे म्हणजे या पंचविसातला दहावा हिस्सा. आणि फुकट गेलेले एक पान भरून काढायला तीन चांगली पाने विकावी लागतात.

हा सव्वा रुपया अजून नफा झालेला नाही. त्यातून दिवस चालवायचा आहे. गाळ्याचे भाडे महिना सहा हजार, दुकान पंचवीस दिवस उघडे, म्हणजे रोज २४०. दिवे, पंखा, मीटरचा स्थिर आकार आणि गरम उभ्या यंत्राची वीज मिळून रोज चाळीस. साठ हजारांचे यंत्र चार वर्षांत वसूल करायचे तर रोज पन्नास. झाले ३३०. रोज २६४ प्रती निघाल्या की दुकान बरोबरीत आले, पण मालक उपाशी. त्याने स्वतःची मजुरी पाचशे धरली तर रोजचे ८३० होतात आणि ६६४ प्रती हव्यात. नऊ तासांच्या दिवसात हे पन्नास सेकंदांना एक प्रत असे प्रमाण झाले.

यंत्राला एका प्रतीला अडीच सेकंद लागतात. उरलेले सगळे सेकंद माणसाचे आहेत: पिशवीतून कागद काढून घेणे, घडी उलगडणे, दोन बाजू एका पानावर जुळवणे, सुटे पैसे देणे. तहसीलसमोरचे दोन रुपये खरे तर या हातांचे आहेत. ‘५० पैशांचा कागद आणि दोन रुपये घेतात’ असे चिडून म्हणणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे. माहिती अधिकाराखाली सरकारी कार्यालयही एका पानाचे दोनच रुपये घेते आणि हा दर २००५ पासूनचा आहे.

कॉलेजच्या गल्लीचे गणित वेगळे आहे. एक रुपया दराने तेच ८३० रुपये भरून काढायला रोज ३,३२० प्रती लागतील. सुट्या कागदांवर ते एका माणसाला अशक्य आहे. पण तिथे सुटे कागद कमी आणि नोट्सचे गठ्ठे जास्त येतात. गठ्ठा वरच्या फीडरमध्ये लावला की यंत्र सव्वादोन तासांत तेवढी पाने काढते, मालक तोवर दुसरे गिऱ्हाईक पाहतो.

तिथेच या धंद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट दडलेली आहे: पाठपोट छपाई. पानाच्या दोन्ही बाजू छापल्या तर टोनर, झीज आणि वीज दुप्पट होतात, पण कागद एकच लागतो. चोपन्न पैशांचा कागद आणि दोन बाजूंचे एकवीस-एकवीस मिळून पान शहाण्णव पैशांना पडते. आता दर बाजूला पाऊण रुपया ठेवा. पानाचे दीड रुपये आले, चोपन्न पैसे उरले, म्हणजे बाजूमागे सत्तावीस. एकेरी छपाईत पूर्ण रुपया घेऊन पंचवीस उरत होते. दर चतुर्थांशाने उतरवूनही दोन पैसे जास्त सुटले, विद्यार्थ्याचे शंभर बाजूंमागे पंचवीस रुपये वाचले आणि पन्नास कागद वाचले. याला मर्यादा आहे ती कागदाची. फार पातळ कागद घेतला तर मागची अक्षरे पुढे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला पान फ्युजरमधून वळून येताना अडकते. पाठपोट कामाला ७५ जीएसएमचाच कागद वापरावा. तिथे रीममागे दहा रुपये वाचवायला गेलेल्याचे वीस जातात.

उरला तो मीटर. वर धरलेले आकडे तुमच्या दुकानात खरे आहेत की नाहीत हे त्याच्याशिवाय कळत नाही. नवी बाटली बसवताना तिच्यावरच मार्करने मीटरचा आकडा लिहायचा. ती संपल्यावर फरक काढला की बाटलीने खरेच किती पाने दिली ते कळते. आकडा एकदम नऊवरून सहा हजारांवर आला असेल तर टोनर बनावट आहे, ड्रम गेला आहे किंवा झाकण उघडे राहते आहे. रोज संध्याकाळच्या आकड्यातून सकाळचा वजा करायचा आणि गल्ल्यातल्या पैशांशी ताडायचा. मीटर ७०० म्हणतो आणि गल्ल्यात दोन रुपये दराने साडेसहाशेचेच पैसे आहेत, तर पन्नास पाने कुठे तरी गेली: टोपलीत, उधारीत किंवा ओळखीच्यांना फुकट. त्या पन्नास पानांचे साहित्य सदतीस रुपयांचे. पंचवीस दिवसांत ते नऊशेवर जाते, म्हणजे टोनरची एक बाटली.

दुकान चालवणाऱ्या वाचकाने आज रात्री शटर ओढण्याआधी यंत्रावरचा तो आकडा वहीत लिहावा, उद्या सकाळी आणि संध्याकाळी पुन्हा लिहावा. आणि गिऱ्हाइकाने नोट्स काढायला देताना पाठपोट मागावे.