स्वस्त शिलाई, लांबचे जहाज

लांबच्या देशात मजुरी कमी म्हणून तिकडे नेलेले उत्पादन पुन्हा बाजारपेठेच्या शेजारी आणणे, याला निअरशोअरिंग म्हणतात. युरोपातल्या तयार कपड्यांच्या धंद्यात हा प्रश्न नेहमीचा आहे: माल बांगलादेशात शिवून घ्यायचा की मोरोक्को, पोर्तुगाल, तुर्कस्तानात? डिसेंबर 2023 मध्ये बांगलादेशातल्या कपडा कामगाराचे किमान मासिक वेतन 12,500 टका झाले. मोरोक्कोत तेव्हा त्याच्या अडीच-तीनपट मोजावे लागत. मात्र कपड्याच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कापडाचा असतो, शिलाईचा नव्हे. त्यामुळे मजुरी तिप्पट झाली म्हणून कपडा तिप्पट महाग होत नाही.

वेळेतला फरक मोठा असतो. चितगावहून निघालेला कंटेनर आधी छोट्या जहाजाने कोलंबो किंवा सिंगापूरला जातो, तिथे मोठ्या जहाजावर चढतो आणि सुएझमार्गे युरोप गाठतो. यात साधारण महिना जातो. कापड मागवणे, नमुना मंजूर करणे आणि शिलाई धरली, तर ऑर्डर हंगामाच्या पाच-सहा महिने आधीच द्यावी लागते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीचशी वाहतूक आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. उलट मोरोक्कोतल्या टँजिरहून ट्रक फेरीबोटीवर चढून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडतो आणि काही दिवसांत स्पेनमधल्या गोदामात पोचतो.

या वेळेची किंमत काढण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एक फॅशनेबल जॅकेट 40 युरोला विकायचे आहे. दुकानापर्यंत ते लांबून 14 युरोला पडते, जवळून 17 युरोला. हंगाम संपल्यावर उरलेले 4 युरोला काढून टाकावे लागते. मागणी 600, 1,000 किंवा 1,400 यांपैकी काहीही असू शकते आणि तिन्ही शक्यता सारख्याच आहेत. लांबून घेताना आकडा आधीच ठरवावा लागतो. 1,400 मागवली तर मागणीनुसार नफा 7,600, 22,000 किंवा 36,400 युरो होतो, म्हणजे सरासरी 22,000. सावधपणे 1,000 मागवली तर सरासरी 21,200 वर येते, कारण मागणी वाढली तरी विकायला माल नसतो. जवळच्या कारखान्यात आधी 600 शिवायची आणि पहिल्या आठवड्यांची विक्री पाहून उरलेली मागवायची. मागणीइतकाच माल तयार झाला, तर दर जॅकेटमागे 23 युरो नफा सुटतो आणि सरासरी 23,000 युरो होते. तीन युरो महाग असूनही जवळचा माल फायद्याचा ठरतो. मात्र फरक चार युरो झाला की दोन्ही पर्याय बरोबरीत येतात.

आता जॅकेटऐवजी दरवर्षी तेवढाच खपणारा साधा कोट घेतला, किंमत-खर्चाचे आकडे तेच ठेवले आणि मागणी फक्त 950 ते 1,050 मध्ये हलते असे धरले. लांबून 1,050 मागवले तर सरासरी नफा 25,500 युरो, जवळून मात्र 23,000 च. म्हणजे निर्णय मजुरीपेक्षाही मागणी किती बेभरवशाची आहे यावर फिरतो. आपल्या कोणत्या मालाचा अंदाज चुकतो, हे हंगामाच्या शेवटी सेलच्या रॅककडे पाहून कळते. सेलमध्ये ढीग उरलेला माल आणि ऐन हंगामात संपलेले साइज, ही अंदाज चुकल्याची दोन लक्षणे आहेत.

जवळ कारखाना काढला की झाले, असे मात्र नाही. शिलाई टँजिरला आणि कापड चीनहून येणार असेल, तर जहाजाचा महिना तसाच राहतो, फक्त आधी येतो. म्हणून झाराची मूळ कंपनी इंडिटेक्स न रंगवलेले कापड साठवून ठेवते. इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमागवाले ज्याला ग्रे म्हणतात, तेच हे कापड. रंग कोणता चालतो हे दिसल्यावर ते रंगवले जाते. दुसरी अट कारखान्यातल्या मोकळ्या जागेची आहे. फेरऑर्डर लगेच शिवायची तर काही यंत्रे रिकामी ठेवावी लागतात, आणि त्या रिकामपणाचे पैसे मालाच्या दरात येतातच. वरच्या उदाहरणातल्या तीन युरोंत हा खर्च धरला नसेल, तर ते गणित फसवे ठरते. तिसरी चूक सवयीची आहे: माल जवळून घ्यायचा, पण सगळी ऑर्डर जुन्या सवयीने एकदाच द्यायची. अशाने महाग मजुरी तेवढी पदरात पडते.

जकातीचा मुद्दा इथे फारसा उरत नाही. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशचे कपडे आणि करारामुळे मोरोक्कोचे कपडे, दोन्ही युरोपीय संघात बिनजकात येत आले आहेत.

म्हणून सगळे उत्पादन एकाच बाजूला नेणे बहुधा चुकीचे असते. इंडिटेक्स सुमारे निम्मा माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को आणि तुर्कस्तानातून घेते. साध्या, वर्षभर खपणाऱ्या कपड्यांसाठी तिचे कंटेनर आजही आशियातूनच निघतात.