करारपत्रातील तारीख नसलेल्या जागा

इंदूरच्या सराफ्यातील जुन्या पेढ्यांवर हुंडीचे दोन प्रकार चालत. एक दर्शनी, म्हणजे हुंडी दाखवताच पैसे चुकते व्हावयाचे; दुसरी मुदती, म्हणजे ठरलेले दिवस भरल्यावर. कोणत्याही हुंडीवर ‘सवडीने द्यावे’ असे कोणी लिहीत नसे. आज आपल्याच घरांतील मुले-मुली अनुवाद, चित्रे, हिशेब, संगणकाची कामे घरबसल्या स्वतंत्रपणे करतात. या फ्रीलान्स कामाची करारपत्रे ई-मेलने येतात, आणि त्यांत मात्र ‘सवडीने’ हाच शब्द निरनिराळ्या वेषांत वावरताना दिसतो. तो ओळखावा कसा, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

आमच्या परिचयातील एक मुलगी इंग्रजीतून मराठीत व हिंदीत अनुवाद करते. एका कामाचे पैसे तिला आठ महिन्यांनी मिळाले. तिने काम वेळेवर दिले होते. परंतु करारात पैसे ‘अंतिम मान्यतेनंतर’ मिळतील असे होते आणि मान्यता देणारे संपादक मधल्या काळात नोकरी सोडून गेले. मान्यता नाकारली कोणीच नाही. दिलीही कोणी नाही. म्हणून पुढच्या कामाचे करारपत्र आले तेव्हा तिने ते सही करण्यापूर्वी आम्हांस दाखविले. काम चाळीस हजार शब्दांचे, दर शब्दाला दीड रुपया, म्हणजे एकूण साठ हजार रुपये. मूळ मसुदा इंग्रजीत होता. त्यातील मुद्द्याची वाक्ये अशी :

‘अनुवादकाने संपूर्ण अनुवाद १० जूनपर्यंत सादर करावा. विलंब झाल्यास दर आठवड्यास मोबदल्यातून पाच टक्के कपात होईल. संस्था सुचवील त्या दुरुस्त्या अनुवादकाने कराव्यात. अंतिम मान्यतेनंतर व बिल मिळाल्यावर मोबदला वाजवी मुदतीत अदा केला जाईल.’

वरवर वाचता यात वावगे काही नाही. तेव्हा आम्ही तिला भिंतीवरचे कॅलेंडर काढावयास सांगितले. करारातील प्रत्येक घटना कोणत्या तारखेस होणार, ते त्यावर पेन्सिलीने लिहावयाचे. तिची तारीख लगेच सापडली : १० जून. संस्था अनुवाद वाचून केव्हा कळवील? करारात नाही. दुरुस्त्या किती वेळा सुचविता येतील? नाही. मान्यता केव्हा? नाही. आणि ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती दिवस? तेही नाही. १० जूननंतरचे सारे कॅलेंडर कोरेच राहिले. तिच्या उशिराला दंड होता. संस्थेच्या उशिराला उशीर म्हणावयाचीच सोय नव्हती.

आमच्या मते हीच खरी कसोटी आहे. करार वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : ‘पैसे थकले असे मी कोणत्या तारखेस म्हणू शकेन?’ तारीख काढता आली तर अट स्पष्ट. न आली तर भाषा कितीही भारदस्त असो, अट मोघमच. ‘आमच्या ग्राहकाकडून रक्कम आल्यावर’, ‘काम समाधानकारक झाल्यावर’, ‘पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर’ ही सारी त्याच कुळातील वाक्ये होत. ‘मान्यतेनंतर तीस दिवसांनी’ हे वाक्य तर अधिक फसवे. कारण त्यात आकडा असतो, पण त्या तीस दिवसांची मोजणी सुरू करणे सर्वस्वी समोरच्याच्या हाती राहते. मुदत नेहमी आपल्या हातून घडणाऱ्या घटनेपासून मोजावी, म्हणजे काम ई-मेलने पाठविल्याच्या दिवसापासून.

कायदा मदतीस येईल, असे कोणी म्हणेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ४६ वे कलम सांगते की, मुदत ठरलेली नसल्यास वचन वाजवी वेळात पाळावे. परंतु वाजवी वेळ कोणती, हा त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न होय, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे ते ठरविण्यासाठी अखेर न्यायालयाची पायरी चढणे आले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचा आधार अधिक भक्कम आहे. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या लहान सेवा पुरवणाऱ्यास काम स्वीकारले गेल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत करारानेही लादता येत नाही. आणि काम दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते दिल्याच्या दिवशीच स्वीकारले असे धरले जाते. मात्र ही नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी.

आता ई-मेलची खास गोम. त्या मुलीला आलेल्या पत्रात, म्हणजे ई-मेलच्या मजकुरात, ‘पैसे साधारणपणे महिन्याभरात होतात’ असे गोड आश्वासन होते. सोबत जोडलेल्या करारपत्रात त्याचा मागमूस नव्हता. उलट शेवटी एक कलम होते की, ‘या करारापूर्वीचा सर्व पत्रव्यवहार रद्द समजावा.’ सही होताच ते आश्वासन पुसले गेले असते. तेव्हा पत्रातील प्रत्येक वचन जोडपत्रात उतरले आहे की नाही, हे दोन्ही समोरासमोर ठेवून पाहावे. दुसरे असे की, सही न करताही आपण बांधले जाऊ शकतो. ‘कामाला लागा, कागद मागाहून पाहू’ असे कळवले आणि आपण त्या अटी माहीत असताना काम सुरू केले, तर त्याच अटी आपण स्वीकारल्या असे ठरू शकते. ई-मेलने झाला एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०-अ कलमाने स्पष्ट केले आहे. म्हणून उत्तर आधी पाठवावे, कामास मागाहून हात घालावा.

तिने उत्तर धाडले ते असे :

‘करारपत्र मिळाले. पुढील चार गोष्टी त्यात घालून सुधारित प्रत पाठवावी, ही विनंती. (१) मूळ मजकूर मला १ एप्रिलपर्यंत मिळेल. त्यास जितके दिवस उशीर होईल तितके दिवस १० जूनची तारीख पुढे जाईल. (२) अनुवाद मिळाल्यापासून १५ दिवसांत सर्व दुरुस्त्या एकत्र कळवाव्यात. न कळविल्यास अनुवाद मान्य समजला जाईल. (३) त्या दुरुस्त्या मी ७ दिवसांत करून देईन. (४) रु. १२,००० आगाऊ व उरलेले रु. ४८,००० अनुवाद पाठविल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेत. सुधारित प्रत आल्यावर काम सुरू करीन.’

आता कॅलेंडर भरले. १० जूनला अनुवाद, २५ जूनपर्यंत हरकती, २ जुलैपर्यंत दुरुस्त्या, २५ जुलैपर्यंत पैसे. २६ जुलैच्या सकाळी पैसे आले नसतील, तर ते थकले. त्यात वादाला जागा नाही.

संस्थेने तीन गोष्टी विनातक्रार मान्य केल्या. आगाऊ रक्कम देण्याची त्यांची पद्धत नव्हती. तेव्हा तिने अर्धा अनुवाद १० मेला द्यावा, त्याचे तीस हजार २४ जूनपर्यंत मिळावेत, आणि उरलेल्या तीस हजारांस वरील तारखा लागू व्हाव्यात, असे ठरले. यात तिचा फायदाच झाला. कारण पहिला हप्ता चुकला असता तर १० जूननंतर दीड महिना खोळंबून न राहता पंधरा दिवसांतच तिला कळले असते.

तारखा लिहिल्याने प्रत्येक देणेकरी सचोटीचा होतो, असे नाही. ज्याला द्यावयाचेच नाहीत तो २५ जुलैही उलटू देईल. परंतु तारखा मागताच जो चिडतो किंवा गप्प बसतो, त्याची ओळख काम करण्यापूर्वीच पटते, आणि चाळीस हजार शब्दांची मेहनत वाचते.